पत्रिका छापायला जाण्याआधी

कार्यक्रम पत्रिकेत ‘दीपप्रज्ज्वलन’ असा एक ज जास्त पडला तर कुणी तक्रार घेऊन येत नाही. तक्रारी येतात त्या वेगळ्याच. ‘साडेसहा छापलंय म्हणून साडेसहाला आलो, तर मांडवात सतरंजीसुद्धा घातलेली नव्हती.’ ‘माझं नाव त्यांच्या खाली का?’ ‘आमच्या बाबांना तुम्ही जिवंतपणी कैलासवासी केलंत.’ ही तिन्ही वाक्यं मी पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या गणेश मंडळाच्या मांडवात ऐकलेली आहेत. पोटापाण्यासाठी मी पुस्तकांची प्रुफं वाचते. त्यामुळे पुढच्या वर्षी पत्रिका आपोआप माझ्या गळ्यात आली. ‘काकू, तुम्ही फक्त एकदा नजर टाका,’ असं सांगून कार्यवाह गेले ते आरास बघायला.

नजर टाकून पत्रिका तपासता येत नाही, हे पहिल्या संध्याकाळीच कळलं. पुस्तकाला हस्तलिखित असतं, प्रूफ त्याच्याशी ताडून बघायचं असतं. पत्रिकेची मूळ प्रत म्हणजे कार्यवाहांच्या फोनमधले निरोप, खजिनदारांच्या वहीतलं शेवटचं पान आणि गेल्या वर्षीची फाईल. प्रूफ कशाशी ताडणार? म्हणून आता डीटीपीवाल्याकडे काहीही जाण्याआधी मी एक तक्ता करून घेते. एका दिवसाला एक ओळ: तारीख, वार, वेळ, कार्यक्रम, पाहुणे, आणि शेवटच्या रकान्यात ही माहिती कुणी, कुणाला विचारून पक्की केली त्याचं नाव. हा शेवटचा रकाना छापायचा नसतो, पण तो रिकामा असलेली ओळ मी पुढे जाऊ देत नाही. ‘ते येणार आहेत, बोलणं झालंय’ असं तिघं सांगतात आणि प्रत्यक्ष बोललेलं कुणीच नसतं.

वेळेपासून सुरुवात करू. आपल्याकडे वेळ सांगितली जाते एका तऱ्हेने आणि छापली जाते दुसऱ्या. फोनवर गायिका म्हणते, ‘पावणेआठला सुरू करू.’ लिहून घेणारा कॉलेजातला मुलगा. त्याला ‘पावणे’ म्हटलं की पंचेचाळीस एवढंच आठवतं आणि ‘आठ’ कानात राहतं. तक्त्यात ८.४५ येतं. प्रुफात ते अगदी निर्दोष दिसतं, कारण ८.४५ ही काही अशक्य वेळ नाही. म्हणून वेळ पक्की करताना मी आकडा म्हणून घेते: ‘सात वाजून पंचेचाळीस मिनिटं ना?’ समोरच्याला हसू येतं, येऊ दे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीतला १ आणि ९ यांचंही तेच. शेपटी जरा वर वळली की एकचा नऊ होतो.

दुसरी भानगड वारांची. गेल्या वर्षीची फाईल उघडून तारखा बदलायच्या ही सगळ्यांची सवय, आणि ती वाईट आहे असंही नाही. पण तारीख बदलते, वार तसाच राहतो. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती; २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, बुधवारी. जुन्या फाईलवर नव्या तारखा चढवल्या तर पहिल्याच ओळीत ‘शनिवार, २७ ऑगस्ट’ उभा राहतो आणि तारखेवर भरवसा ठेवणारे डोळे वारावर थांबतच नाहीत. लोक मात्र कार्यक्रमाला वार बघून येतात.

शिवाय गणपती ‘दहा दिवसांचे’ म्हणायचे असले तरी दिवस दहाच असतात असं नाही. चतुर्थी ते चतुर्दशी मोजल्या तर तिथी अकरा होतात. मध्ये एका तिथीचा क्षय झाला की दिवस दहा, एका तिथीची वृद्धी झाली की बारा. २०२३ मध्ये १९ ते २८ सप्टेंबर असे दहा होते, २०२४ आणि २०२५ मध्ये अकरा, आणि २०२६ मध्ये १४ ते २५ सप्टेंबर असे बारा. गौरींचं तर आणखी वेगळं, त्या तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे ‘गेल्या वर्षी चौथ्या दिवशी गौरी आल्या होत्या’ हा हिशेब कामाचा नाही. पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका शेजारी ठेवून प्रत्येक ओळीची तारीख आणि वार तिच्याशी जुळवायचा, आणि गौरींचे तीन दिवस आधी खूण करून ठेवायचे. विसर्जनाच्या पुढचा दिवसही बघावा. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि आमच्या कार्यकर्त्यांनी श्रमपरिहाराचं जेवण ७ तारखेच्या रविवारी रात्री ठेवलं होतं. त्या रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्रग्रहण लागणार होतं. ग्रहण पाळणाऱ्या घरांत दुपारपासून वेध. ग्रहण पाळावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण वीस-पंचवीस पानं वाया जाणार हा मंडळाचा.

रात्रीच्या कार्यक्रमाला आणखी एक मर्यादा असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही सवलत बारापर्यंत देऊ शकतं, आणि गणपतीतले त्यांतले कोणते दिवस हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतं. ते दिवस जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे असू शकतात. म्हणून ‘रात्री ९.१५ – वाद्यवृंद’ असं दिसलं की मी आधी त्या तारखेचा आदेश मागते. सवलत नसेल तर वाद्यवृंदाला पाऊण तासच मिळणार. मग सूत्रसंचालकाची प्रस्तावना आणि पाहुण्यांचा सत्कार त्या पाऊण तासात बसत नाही. ही चूक अक्षरांची नाही, पण छापण्याआधी ती पकडण्याची शेवटची जागा प्रूफच आहे.

आता ज्या प्रकारामुळे एका जुन्या वर्षी आमच्या पत्रिकेत तीन दिवसांचे कार्यक्रम उलटेपालटे छापले गेले होते, तो जरा सविस्तर सांगते, कारण तो बाहेरून दिसतच नाही. बहुतेक पत्रिका कोरलड्रॉमध्ये बनतात. कागदावर जो तक्ता दिसतो तो फाईलमध्ये तक्ता नसतो. तारखांचा एक उभा ठोकळा, कार्यक्रमांचा दुसरा, पाहुण्यांचा तिसरा, असे तीन स्वतंत्र मजकूर शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एका ठोकळ्यात एक ओळ वाढली की त्या ठोकळ्यातलं खालचं सगळं एक घर सरकतं, बाकीचे दोन जागचे हलत नाहीत.

२०२५ च्या दुसऱ्या प्रुफात नेमकं हेच झालं. २८ ऑगस्टच्या ‘चित्रकला स्पर्धा’ला कुणीतरी ‘आणि मातीची मूर्ती बनवणे’ असं जोडायला सांगितलं. ओळ एकाची दोन झाली. त्यामुळे २९ चं व्याख्यान ३० च्या समोर गेलं, ३० चं मुलांचं विविध गुणदर्शन ३१ च्या समोर, आणि ३१ चं महिलांचं भजन १ सप्टेंबरच्या समोर. आता गंमत अशी की १ सप्टेंबरला आम्ही मुद्दाम काही ठेवलं नव्हतं, तिथे कोरी ओळ होती. सरकत आलेल्या भजनाने ती कोरी ओळ गिळली आणि २ तारखेपासून पुढचं सगळं पुन्हा जागेवर आलं. म्हणजे पहिले दोन दिवस बरोबर, शेवटचे पाच दिवस बरोबर, तक्त्याचा वरचा-खालचा काठ सरळ. पहिली आणि शेवटची ओळ बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला काहीच कळलं नसतं. पाहुण्यांचा रकाना हललेला नव्हता, त्यामुळे व्याख्यानासमोर मुलांच्या नृत्यशिक्षिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि व्याख्याते मातीची मूर्ती बनवायला बसले होते.

मला ते कळलं ते १ सप्टेंबरमुळे. त्या दिवशी गौरीपूजन होतं. सोळा भाज्या आणि पुरणाच्या स्वयंपाकातून उठून संध्याकाळी साडेसहाला मांडवात भजनाला कोण येणार? भजनी मंडळाच्या काकूंनीच तर तो दिवस मोकळा ठेवायला सांगितला होता.

याला उपाय दोन. एक, डीटीपी करणाऱ्याला आधीच सांगायचं की एका दिवसाची तारीख, वेळ, कार्यक्रम आणि पाहुणे हे एकाच ठोकळ्यात हवेत, म्हणजे सरकले तर सगळे मिळून सरकतील. तो कुरकुर करतो, कारण जुना साचा तयार असतो. दुसरा उपाय आपल्या हातातला: पत्रिका कधीही वरून खाली वाचायची नाही. पट्टी आडवी ठेवायची, एक ओळ मोठ्याने वाचायची, आणि दुसऱ्या माणसाने पक्क्या तक्त्यावर बोट ठेवून ‘हं’ म्हणायचं. शेवटच्या दिवसापासून मागे यायचं. सरळ वाचताना पुढचं काय असणार ते डोक्याला ठाऊक असतं आणि डोकं कागदावर नसलेलंही वाचून टाकतं. प्रत्येक नव्या प्रुफाला हे पूर्ण करायचं. ‘फक्त एक शब्द बदललाय’ असं सांगून आलेलं प्रूफ सर्वांत धोक्याचं, हे वरच्या उदाहरणावरून दिसेलच.

नावांकडे वळते. नावाला शुद्धलेखनाचा नियम लावायचा नाही. कुलकर्णी आणि कुळकर्णी, परांजपे आणि परांजप्ये, सावंत आणि सामंत ही वेगवेगळ्या घरांची आडनावं आहेत, त्यांत शुद्ध-अशुद्ध काही नाही. ती व्यक्ती स्वतः कशी लिहिते एवढंच बघायचं. म्हणून मी पाहुण्यांना त्यांची ओळ जशी छापणार तशी, उपाधी आणि पदासकट टाइप करून पाठवते आणि ‘असंच छापायचं ना?’ विचारते. फोनवर विचारलं तर ळ आणि ल, ण आणि न यांतला फरक हमखास हरवतो. स्त्री पाहुण्यांच्या नावामागे सौ., श्रीमती, डॉ. की काहीच नको, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं. अंदाजाने सौ. लावून एकदा आमच्या मंडळाने एका बाईंना फार दुखावलं आहे.

उत्तर आलं की तोच मजकूर उचलून डीटीपीला द्यायचा, पण तिथे काम संपत नाही. आपण मोबाईलवर लिहितो ते युनिकोडमध्ये, आणि छपाईची अनेक कामं अजून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होतात. मजकूर एकातून दुसऱ्यात बदलताना काही अक्षरं मोडतात. ‘गोऱ्हे’चं ‘गोर्हे’ होतं, ‘कऱ्हाडे’चं ‘कर्हाडे’. ‘ॲड.’वरचा चंद्र उडतो आणि वकीलसाहेब ‘अड.’ होतात. ज्या नावांत असा ऱ, ॲ किंवा तिहेरी जोडाक्षर आहे त्यांवर मी तक्त्यातच पेन्सिलने गोल करून ठेवते आणि प्रत्येक प्रुफात आधी ती गोलं बघते.

‘मा.’ या एका अक्षराने किती घोळ होतो! मा. म्हणजे माननीय, आणि घाईत लिहिणाऱ्याच्या लेखी माजीसुद्धा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे प्रशासक आले. म्हणजे २०२५ च्या गणपतीत शहरात पदावर असलेला एकही नगरसेवक नव्हता. तरी पत्रिकांवर ‘मा. नगरसेवक’ होतेच, आणि वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ घेत होता. पाहुणे त्यावर खूश असतात, त्यामुळे कुणी विचारत नाही. मी मात्र माननीय पूर्ण काढून टाकते आणि माजी असेल तिथे ‘माजी’ अक्षरी लिहिते. यावर दर वर्षी थोडी वादावादी होते.

पाहुणे बदलले की नाव एका जागी बदलतं आणि बाकीच्या जागी राहतं. एकच नाव मुखपृष्ठावर, त्या दिवसाच्या ओळीत, ऋणनिर्देशात आणि कधी जाहिरातीतही असतं. कधी नाव बदलतं पण मागची उपाधी जुन्याची राहते आणि ज्यांनी कधी प्रबंध लिहिला नाही ते डॉक्टर होतात. देणगीदारांच्या पानावर तर जिवावरच बेततं. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ हा एक रकाना आणि ‘श्री. तमुक यांजकडून’ हा दुसरा. मध्ये एक देणगीदार वाढला, एकच रकाना सरकला, आणि कै. जिवंत माणसामागे जाऊन बसलं. सुरुवातीला सांगितलेली ती तिसरी तक्रार अशी जन्माला आली. या पानासाठी मी खजिनदारांना शेजारी बसवते, कारण कोण हयात आहे हे त्यांच्या पावतीपुस्तकाएवढं कुणाला ठाऊक नसतं.

क्रमाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: नावांचा क्रम आणि कार्यक्रमांचा. नावांचा क्रम मंडळाने ठरवायचा, प्रूफ वाचणाऱ्याने नाही. पण ठरलेला क्रम कागदावर उतरला का, हे आपलं काम. आठ नावं एकाखाली एक दिली की जागा वाचवायला डीटीपीवाला चार-चारचे दोन स्तंभ करतो. त्याच्या हिशेबी क्रम कायम आहे, पहिला स्तंभ संपला की दुसरा. वाचणारा मात्र आडवा वाचतो, त्यामुळे यादीतले पाचवे पाहुणे त्याला दुसरे दिसतात आणि दुसरे तिसऱ्या जागी जातात. ‘माझं नाव खाली का’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. दोन स्तंभ करायचेच असतील तर नावं आडवी भरायला सांगायची.

कार्यक्रमांचा क्रम वाचून तपासता येत नाही, तो मनात उभा करून बघावा लागतो. उद्घाटनाच्या दिवशी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगतं, आभार हा ओघ सगळ्यांना पाठ आहे, तिथे फारसं चुकत नाही. चुकतं ते दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत. २०२५ च्या तक्त्यात ५ सप्टेंबरला संध्याकाळी सहाला एकांकिका, सातला बक्षीस समारंभ, साडेसातला आरती असं होतं. कागदावर छान. पण एकांकिका पंचेचाळीस मिनिटांची होती आणि तिचं नेपथ्य काढायला वीस मिनिटं लागणार होती, हे ध्वनी-प्रकाश सांभाळणाऱ्या दादांना विचारल्यावर कळलं. म्हणजे बक्षीस समारंभाला पडदे आणि दिवाण हलवत हलवत सुरुवात झाली असती आणि आरती लांबली असती. त्यात पाककलेचे परीक्षक त्याच दुपारी निकाल देणार होते, आणि प्रमाणपत्रांवर नावं घालायला कुणाला वेळच ठेवलेला नव्हता. आम्ही बक्षीस समारंभ सहाला घेतला, आरती साडेसातलाच ठेवली आणि एकांकिका आरतीनंतर आठला. पाककलेची परीक्षा आदल्या दिवशी नेली. आरतीची वेळ ही आमच्याकडे न हलणारी खुंटी आहे. बाकी सगळं तिला धरून लावायचं. तबलजींचं नावही ओळीओळीत शोधून बघावं, ते एकाच संध्याकाळी भजनाला आणि सुगम संगीताला दोन्हीकडे लागलेले असतात.

शेवटी छापखान्याकडचं. प्रूफ मोबाईलवर चित्र म्हणून येतं, ते दाबलेलं असतं, त्यात अनुस्वार आणि १-९ नीट दिसत नाहीत. पीडीएफ मागून घ्यावी आणि खऱ्या आकारात कागदावर काढावी. तीन पानांत दुमडणारी पत्रिका असेल तर तो कागद घडी घालून बघावा, कारण आत दुमडणारं पान दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवलेलं असतं आणि काठाजवळची वेळ घडीत अडकते. अंतिम फाईल ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. त्यानंतर शब्द शोधता येत नाही की सहज बदलता येत नाही. ‘मॅडम, फाईल कर्व्ह केली, आता बदल नको’ असा निरोप आला तरी शेवटचं वाचन त्याच फाईलवर करायचं. आपण आधी पास केलेली फाईल आणि छापायला जाणारी फाईल या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. सहीसुद्धा त्याच कागदावर, तारीख-वेळ घालून.

ऑफसेटवर छापत असाल तर एक खर्च वाचवता येतो. वेळा आणि नावं फक्त काळ्या रंगात ठेवायला सांगा. प्लेटा निघाल्यावर एखादी वेळ बदलली तर एकट्या काळ्या रंगाची प्लेट नवी काढून भागतं. तीच वेळ रंगीत अक्षरांत किंवा रंगीत पट्टीवर पांढरी असेल तर चारही प्लेटा बदलाव्या लागू शकतात. दोन-चारशे प्रती डिजिटलवर काढणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, त्यांना फक्त छापून झालेल्या प्रती टाकाव्या लागतात.

आणि छापून आल्यावर पाहुण्यांनी येणं रद्द केलं तर? वेळ बदलली असेल तर चिकटपट्टी लावावी, लोकांना ती उपयोगी पडते. नावावर मात्र पट्टी लावू नये. ती उचकटून खाली कोण होतं हे बघितल्याशिवाय एकही माणूस राहत नाही. नवं नाव मांडवाच्या दारातल्या फळ्यावर लिहावं, आणि नव्या पाहुण्यांना निमंत्रण द्यायला जाताना पत्रिका बरोबर नेऊ नये.